नफा वहीत, पैसा उधारीत: शेअर विकावा की थांबावं?

शेवटची_लोकल
पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर तीन वर्षं धरून आहे. नाव मुद्दाम देत नाही. यंदा विक्री ४०० कोटींवरून ५२० कोटी, नफा ३६ वरून ४८. पण ग्राहकांकडची येणी ९० वरून १८५ कोटी झाली आणि कामकाजातून आलेली रोख जेमतेम ६ कोटी. कंपनी म्हणते, मार्चमध्ये मोठी डिलिव्हरी गेली, पैसे येतील. मित्र म्हणतो, आकडे फुगवलेत. कोणाचं ऐकू?

रोखठोक_७७
मित्राचं. पैसा बँकेत आला तर आला, बाकी सगळं कागद. माझा नियम सोपा आहे: तीन वर्षांची मिळून रोख नफ्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की कंपनी यादीतून बाहेर. येणी वगैरे बघतच नाही, कारण रोखीत फेरफार करता येत नाही.

खडी_आणि_डांबर
हे वाचून राग आला. मी रस्त्यांची कामं घेतो. काम पूर्ण, मोजमाप झालं, बिल मंजूर, तरी निधी नाही म्हणून पैसे दीड-दोन वर्षं अडकतात. तुमच्या नियमाने मीही चोरच की! येणी वाढली म्हणजे लबाडी, हे ऑफिसात बसून बोलायला ठीक आहे.

जुना_लेखापरीक्षक
खडीवाले, तुम्हाला कोणी चोर म्हटलेलं नाही. तुमचे पैसे दरवर्षीच उशिरा येतात. प्रश्न उशिराचा नसून बदलाचा आहे.

लोकल, आधी दिवस काढा. येणी भागिले विक्री, गुणिले ३६५. गेल्या वर्षी ८२ दिवस, यंदा १३०. इथे एक खाच आहे: येणी जीएसटीसकट असतात, विक्री जीएसटीविना. १८ टक्के काढून टाकले तर सुमारे ७० आणि ११० दिवस होतात. आकडे खाली आले, पण चाळीस दिवसांची उडी तशीच राहिली. म्हणजे जीएसटी हे तिचं कारण नाही. आणि विक्री वाढली १२० कोटींनी, येणी ९५ कोटींनी. वाढीव मालाचे बरेचसे पैसे आलेच नाहीत.

आता कंपनीचं म्हणणं तपासता येतं. वार्षिक अहवालात येण्यांच्या टिपेखाली वयाचा तक्ता असतो. २०२१-२२ पासून तो द्यावाच लागतो. त्यात सहा महिन्यांवरची रक्कम किती, ते इथे टाका. मार्चमध्येच माल गेला असेल तर वाढीव येणी ‘मुदत न भरलेली’ या रकान्यात दिसायला हवीत.

उसाचा_रस
मी बँकेत कर्जविभागात आहे. काकांची पद्धत बरोबर, पण फेरफार म्हणायची घाई नको. आमच्याकडे येणाऱ्या ताळेबंदांत अशी उडी वारंवार दिसते आणि बहुतेक वेळा कारण साधं असतं: नवा मोठा ग्राहक, त्याची १२० दिवसांची उधारी, आणि त्याला नाही म्हणायची हिंमत नाही. रोखठोक, तुमचा ८० टक्क्यांचा नियम एनबीएफसीला, म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपनीला, लावून बघा. तिथे दिलेलं कर्ज कामकाजातच धरतात, त्यामुळे जोरात वाढणाऱ्या चांगल्या एनबीएफसीचीही रोख उणे दिसते.

रोखठोक_७७
एनबीएफसी मी घेतच नाही. कारखान्यांपुरता नियम चालतो. आणि परत सांगतो, रोख खोटी बोलत नाही.

जुना_लेखापरीक्षक
सत्यम ही आयटी कंपनी विसरलात? ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः लिहिलं की वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. येण्यांचा फुगवटा मात्र फक्त ४९० कोटींचा होता. नीट बघा यात काय झालं. खोट्या विक्रीची येणी वहीत साचू दिली नाहीत, ती ‘वसूल’ दाखवून बँकेत ढकलली. येणी आटोक्यात, रोख झकास. तुमच्या नियमात ती कंपनी आरामात बसली असती.

दुसरी वाट अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमची. २००२ साली उघड झालं की दुसऱ्यांच्या टेलिफोन लाइन वापरण्याचा ३.८ अब्ज डॉलरचा खर्च त्यांनी भांडवली म्हणून दाखवला होता. खर्च कामकाजातून उचलून गुंतवणुकीच्या रकान्यात टाकला की नफाही वाढतो आणि कामकाजातली रोखही. दोन्ही एकाच दिशेने फुगल्यावर त्यांचं गुणोत्तर काय सांगणार?

रोखठोक_७७
मग शेअर घ्यायचेच नाहीत का?

जुना_लेखापरीक्षक
घ्या की. पण रोख चांगली दिसली तर त्या रोखीवर व्याज किती मिळालं आणि ते खरंच हातात आलं का, तेही बघा. सत्यमच्या त्याच पत्रात ३७६ कोटींचं मिळायचं राहिलेलं व्याजसुद्धा खोटं निघालं.

शेवटची_लोकल
काका, तक्ता सापडला, पान १४३. मुदत न भरलेली ७२ कोटी, मुदत भरून सहा महिन्यांच्या आतली ५२, सहा महिने ते वर्ष ५७, वर्षावरची ४. गेल्या वर्षी सहा महिन्यांवरची सगळी मिळून १४ होती. बुडीत येण्यांची तरतूद दोन्ही वर्षी दीड कोटी. उधारीची मुदत ९० दिवस लिहिली आहे.

जुना_लेखापरीक्षक
हे महत्त्वाचं आहे. तक्त्यातलं वय बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, पैसे द्यायच्या तारखेपासून मोजतात. तेव्हा सहा महिने ते वर्ष या ५७ कोटींची मुदत गेल्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरली. ९० दिवस मागे जा: हा माल जानेवारी ते जूनमध्ये विकलेला आहे. मार्चमधल्या डिलिव्हरीचा याच्याशी संबंध नाही. उलट यातली काही विक्री त्याच्या आधीच्या मार्चअखेरची असू शकते, म्हणजे गेल्या वर्षीचा ३६ कोटी नफाही पुन्हा बघायला हवा. आणि एवढी जुनी येणी चौपट झाली असताना तरतूद जागची हलत नाही, हे मला आवडलेलं नाही.

तरी खोटी विक्री झाली असं हा तक्ता सिद्ध करत नाही. कंपनीने दिलेलं कारण पुरत नाही, एवढंच म्हणतो.

उसाचा_रस
इथे सहमत. पण ५७ कोटी एकाच ग्राहकाकडे असतील आणि तोच अडचणीत असेल तर? तो फेरफार नव्हे, बुडीत उधारी.

जुना_लेखापरीक्षक
मग तरतूद का नाही? बुडणार हे माहीत असून नफ्यातून वजा केलं नाही, तर माझ्या मते तोही फेरफारच.

उसाचा_रस
तिथे आपलं जमणार नाही काका. वसुलीची आशा धरणं आणि आकडे रंगवणं यात फरक आहे. वसुलीच्या फाइलींत मी दोन्ही बघितलंय.

खडी_आणि_डांबर
आशा धरूनच आम्ही जगतो ताई. पण एक सांगतो, माझा सीए जुन्या बिलांची नवी तारीख टाकून नवं बिल करू देत नाही. काही जण करतात, मग उधारी ताजी दिसते.

जुना_लेखापरीक्षक
अगदी बरोबर! मुदत वाढवून दिली तरी तेच होतं, जुनं येणं गुपचूप ‘मुदत न भरलेली’त जातं. म्हणून ७२ कोटींचा रकानाही मी डोळे मिटून मानणार नाही.

शेवटची_लोकल
वार्षिक सभेत विचारतो: सहा महिन्यांवरचे ६१ कोटी किती ग्राहकांकडे आहेत आणि एप्रिलपासून त्यातले किती आले. सप्टेंबरचा सहामाही ताळेबंद आला की इथे टाकेन. तोवर अर्धे विकतोय.

रोखठोक_७७
अर्धे कशाला ठेवतोस?

शेवटची_लोकल
बायकोने घ्यायला लावले होते, तिला काय सांगू.