मदत हवी आहे: पेपरचं जुनं कात्रण, तारीख नाही, आणि पाठवणारा फक्त विचारतो 'हे कशाबद्दल आहे?'

मेघना_पु
मंडळी, आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, आत्याचं घर आवरताना त्याला एका पोथीत घडी घातलेलं कात्रण सापडलं. त्याने स्कॅन करून मला व्हॉट्सॅपवर टाकलं आणि खाली एकच ओळ, "ताई हे कशाबद्दल आहे?" बास. कुठला पेपर, कधीचा, मागे काय आहे, काही नाही. त्याला मराठी बोलता येतं पण वाचायचा कंटाळा.

वरचा डावा कोपरा फाटलाय. मला जेवढं लागलं तेवढं टाइप करते, चुकलं असेल तर सांगा:

...ग्रस्तांना मदतीचा ओघ
गेल्या बुधवारी झालेल्या ... कुटुंबांची भांडीकुंडी व कपडे ... नारायण, शनिवार व ... पेठांतील लोकांसाठी धान्य, ... ता. १६ अखेर जमा झालेली रक्कम पुढीलप्रमाणे:
एक सहानुभूतीदार ... ५-५०
चाळीतील रहिवासी ... ११-२५
सौ. ... २-००

शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण आहे. आकड्यांच्या वर काहीतरी छापलंय, पहिलं अक्षर रु. आणि दुसरं न. वाटतं, पुढचं घडीत गेलंय. साल काढता येईल का? आणि भावाला मी काय उत्तर देऊ?

सह्याद्रीवेडा
हे कोयनेच्या भूकंपाचं आहे, 1967. 'भूकंपग्रस्तांना' मधलं 'भूकंप' फाटलं असणार. तेव्हा राज्यभर निधी गोळा झाला होता, पुण्यातही धक्का चांगलाच जाणवला होता. माझ्या आजोळी कराडला असलीच कात्रणं होती त्यामुळे ओळखता आलं.

रद्दीतलं_सोनं
माझ्याकडे पण गांधीहत्येच्या वेळचा अख्खा पेपर आहे, पिवळा पडलाय पण सगळी पानं आहेत, विकायचाय, किती येतील? आणि लॅमिनेट करून ठेवू का आधी?

जुनीपानं
@रद्दीतलं_सोनं लॅमिनेट अजिबात करू नका, तो कागद नंतर प्लॅस्टिकमधून सोडवता येत नाही. किमतीसाठी वेगळा धागा काढा प्लीज, इथे गोंधळ होतो.

@मेघना_पु साल काढायला तुमच्याकडे बरंच काही आहे, फक्त टाइप करताना तुम्ही ते थोडं पुसलंय. तुम्ही 'भांडीकुंडी' लिहिलंय पण स्कॅनमध्ये शेवटच्या 'डी'वर टिंब दिसतंय, म्हणजे छापलंय 'भांडीकुंडीं'. आजच्या शुद्धलेखनात आणू नका, जसं आहे तसं, ओळ जिथे तुटते तिथेच तोडून लिहा. जे फाटलंय तिथे [...], जे अर्धं दिसतंय आणि तुम्ही अंदाजाने भरलंय ते [असं?] चौकोनी कंसात. नाहीतर महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही की कुठलं अक्षर कागदावर होतं आणि कुठलं तुमच्या मनात.

आता पैसे. ५-५० आणि ११-२५ हे दोनच रकाने आहेत. आण्यांच्या काळात रुपये-आणे-पै असे तीन आकडे असायचे, साडेपाच रुपये म्हणजे ५-८-०. आणि मधला आकडा पंधराच्या वर जाऊच शकत नाही, सोळा आण्यांचा रुपया झाला की. त्यामुळे ५०, २५ हे पैसेच, म्हणजे 1 एप्रिल 1957 नंतरचं. आणि ते दुसरं अक्षर खरंच 'न.' असेल तर 'न. पै.', नवे पैसे. 1 जून 1964 पासून 'नवा' हा शब्द सरकारने काढून टाकला आणि नुसते पैसे राहिले. कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967 चा, तिथे 'न. पै.' असायचं कारण नाही.

सह्याद्रीवेडा
'न.' आहे हे तरी कुठे नक्की आहे? घडीत गेलंय म्हणतायत त्या. आणि टिंबांचं म्हणाल तर अनुस्वारवाली भाषा म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीची, मग 1957 पण कसं जुळतं?

जुनीपानं
'न.' नक्की नाही हे बरोबर, म्हणून 1964 ही वरची मर्यादा मी अजून कच्चीच धरतो. अनुस्वारांचं मात्र तसं नाही. साहित्य महामंडळाचे नवे नियमच 1962 चे, आणि सगळ्यांनी दुसऱ्या दिवसापासून पाळले असंही नाही. साठच्या दशकात 'असें', 'केलें' छापलेलं भरपूर सापडतं. टिंबं आहेत म्हणून 'फार नंतरचं नाही' एवढंच म्हणता येतं, साल नाही काढता येत त्यावरून.

@मेघना_पु स्कॅनच्या मधल्या मोकळ्या जागेत फिकट करडी अक्षरं दिसतायत, ती मागच्या बाजूची उमटली आहेत. फोनच्या फोटो एडिटरमध्ये चित्र डावं-उजवं उलटं करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. मला मोबाइलवर 'जुलै' सारखं काहीतरी वाटतंय. पण खरं म्हणजे भावाला सांगून मागची बाजूच मागवा. स्कॅन करताना कागदाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवायचा, म्हणजे पलीकडची अक्षरं उमटत नाहीत, आणि रंगीत स्कॅन, निदान 400 डीपीआय. काळा-पांढरा मोड नको, त्यात टिंबं आणि मात्रा खाल्ल्या जातात. घडी उलगडायची असेल तर हळू, जोर लावून नको, तिथेच तुकडा पडतो.

आबा_पेठकर
मी वाचतोय मघापासून. नारायण, शनिवार या पेठा, बुधवार, कपडे-भांडी. अहो हा पानशेत आहे. 12 जुलै 1961, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं, मग त्या लोंढ्याने खडकवासला पण फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं. मी शाळेत होतो, आमच्या वाड्यात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चिखल, तो काढायलाच किती दिवस गेले. सगळ्या घरांतून एकच वास यायचा, भिजलेल्या धान्याचा. निधीच्या याद्या पेपरात रोज यायच्या, नाव छापून आलं की लोक कापून ठेवायचे.

सह्याद्रीवेडा
आबा, तुमच्या आठवणीचा आदर आहे, पण पेठांत पूर आधी-नंतर पण आलेत ना. पुरावा काय?

मेघना_पु
मागची बाजू आली!! भाऊ म्हणाला "ताई एवढं काय आहे त्यात", पण काळा कागद लावून केलंय त्याने, आणि घडी पण उघडली. आधी पुढचं: रकान्यावर स्पष्ट 'रु. न. पै.' आहे. मथळ्यात 'ग्र'च्या आधी एक उभी काठी आणि त्याला उजवीकडे लहान आकडा दिसतो, भूकंपमधला 'प' असेल की पूरमधला 'र', मला कळत नाही. मागे एका सभेची नोटीस आहे, कडेने कापलेली:

...येत्या गुरुवारीं ता. २० जु[लै?] रोजीं सायं.
५॥ वाजतां ... सभासदांनीं
वेळेवर [...]

आणि तिच्या वर पानाचा काठ आहे त्यात 'शके १८८' आणि पुढचा आकडा अर्धा कापलेला, २ पण वाटतो, ३ पण.

जुनीपानं
वा, आता काम झालं. 'न. पै.' आहे म्हणजे 1957 ते 64 पक्कं. शकाला 78 मिळवले की जुलैमधलं इसवी साल मिळतं, म्हणजे १८८२ असेल तर 1960 आणि १८८३ असेल तर 1961. त्या दोन आकड्यांत मी डोळे ताणणार नाही, छपाई घासलेली असली की २ आणि ३ भावंडंच वाटतात. वार बघा की. 20 जुलै 1960 ला बुधवार होता आणि 20 जुलै 1961 ला गुरुवार. तुमची नोटीस 'गुरुवारीं' म्हणते. 1957 ते 1963 या सगळ्या जुलैंत 20 तारखेला गुरुवार फक्त 1961 मध्ये येतो. म्हणजे आबा बरोबर आहेत.

सह्याद्रीवेडा
मान्य. पण मग 1967 च्या 20 जुलैला पण गुरुवार येतो, मी कॅलेंडर पाहिलं. म्हणून म्हणत होतो.

जुनीपानं
येतो ना, म्हणूनच एकट्या वारावर कधी विसंबायचं नाही. पण 67 ला 'न. पै.' नाहीत, शके १८८९ येतं, आणि जुलैत छापलेल्या कागदावर डिसेंबरच्या भूकंपाचा निधी कसा असेल?

मेघना, आता पेपरची तारीख. यादी १६ अखेरची आहे, आणि 16 जुलै 1961 रविवार होता. म्हणजे अंक 17 च्या आधीचा नाही. नोटिशीत 'येत्या गुरुवारीं' आहे, 19 ला छापली असती तर साधारण 'उद्यां' लिहिलं असतं, आणि 'गेल्या बुधवारी' हे पण 19 च्या बुधवारी वाचायला विचित्र वाटलं असतं. तेव्हा सोमवार 17 किंवा मंगळवार 18. पण एक लक्षात ठेवा, सभेच्या नोटिशी एकच मजकूर दोन-तीन दिवस तसाच छापला जायचा, त्यामुळे 19 पूर्ण कटाप नाही. कॅप्शन लिहिताना '12 जुलै 1961 चं कात्रण' असं लिहू नका, ती पुराची तारीख, छापल्याची नाही. 'अंदाजे 17-18 जुलै 1961' लिहा.

मथळ्याबद्दल मजकुरावरून 'पूरग्रस्तांना' असणार, तरी तुमच्या प्रतीत [पूर?]ग्रस्तांना असंच ठेवा.

मेघना_पु
कुठला पेपर ते कळेल का?

जुनीपानं
एवढ्यावरून मी सांगणार नाही. अक्षरांचा ठसा आणि रकान्याची रुंदी जुळवावी लागेल. कात्रणाचा एक पूर्ण रकाना मिलीमीटरमध्ये मोजायला भावाला सांगा, स्कॅनवरून मोजू नका, मोठं-लहान झालेलं असतं. मग पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयात त्या आठवड्याच्या दैनिकांच्या फायली मिळाल्या तर तीन-चार अंक चाळायचे आहेत फक्त, अख्खं साल नाही. सकाळ, प्रभात यांपासून सुरुवात करा. मुंबईचे पेपर शेवटी, कारण पुण्यातल्या सभेची नोटीस तिकडे येणं अवघड. अर्थात सभा पुण्यातलीच आहे हे कात्रणात कुठे दिसत नाही, तो माझा अंदाज.

आबा_पेठकर
ती खूण केलेली ओळ कोणाची ते बघा. सौ. पुढे काय?

मेघना_पु
'सौ.' नंतर एक अक्षर, इ किंवा ई, मग घडी. उघडल्यावर तिथला कागदच गेलाय. आत्याच्या सासूबाईंचं नाव इंदिरा होतं आणि त्या तेव्हा सदाशिवात राहायच्या, पण इ वरून पुण्यात किती जणी निघतील.

भावाला हे लिहितेय, बघा ठीक आहे का: "1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यातल्या पूरग्रस्तांसाठी पैसे दिलेल्या लोकांची यादी आहे, पेपर साधारण 17-18 जुलैचा. एका नावापुढे कोणीतरी खूण केलीय, ती तुझी आजी असू शकते, नक्की नाही. कागद फेकू नकोस, घडी परत घालू नकोस, सपाट ठेव." आणि खाली पूर्ण मजकूर वेगळा.

जुनीपानं
चांगलं आहे. फक्त 'असू शकते' ऐवजी इंदिराबाई त्या वर्षी वर्गणी द्यायच्या का, घरात कोणाला आठवतंय का ते त्यालाच विचारायला सांगा. आणि ती पोथी कोणाची होती ते पण.

रद्दीतलं_सोनं
म्हणजे माझ्या पेपरला पण मागचं पान बघायला पाहिजे का? तारीख तर छापलेली आहे वर.

जुनीपानं
छापलेली असेल तर आधी ती मूळ आहे की नंतर काढलेल्या स्मरण-अंकाची प्रत आहे ते बघा. धागा काढा, तिथे बोलू.