वरच्या दातांवरची पांढरी रेघ (सोसायटीच्या ग्रुपवरून)

इराची आई (बी-३०४): डॉक्टरताई, आहात का? इरा १६ महिन्यांची झाली. वर चार, खाली चार असे आठ दात आलेत. काल ब्रश करताना वरच्या समोरच्या दोन दातांवर हिरडीला लागून पांढरी रेघ दिसली. दूध चिकटलं असेल म्हणून ओल्या कापडाने पुसली, गेली नाही. खालचे दात मात्र एकदम स्वच्छ. कॅल्शियम कमी पडतंय का?

आजी (बी-१०३): अगं, दुधाचेच दात आहेत. पडणारच ते. एवढी काय काळजी करतेस!

कबीरचे बाबा (डी-४०२): आमच्या कबीरच्या दातांवर तर काळी रेघ आहे. लोहाचं सिरप सुरू केल्यापासून.

डॉक्टरताई (सी-२०१): आत्ताच क्लिनिकमधून आले. इराच्या आई, तीन गोष्टी सांगा. रात्री बाटली देता का, त्यात काय असतं, आणि पेस्ट कुठली वापरता? कबीरच्या बाबा, तुमचं नंतर बघू, ते वेगळं प्रकरण दिसतंय.

इराची आई (बी-३०४): झोपताना १५० मिली दूध, एक चमचा साखर घालून. रात्री दोनच्या सुमारास उठते तेव्हा तेवढंच परत. बाटली तोंडात धरूनच झोपते. पेस्ट मुलांचीच आहे, स्ट्रॉबेरीवाली. गिळली तरी चालते असं डब्यावर लिहिलंय.

डॉक्टरताई (सी-२०१): कॅल्शियमचा संबंध नाही. बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण तुम्ही सांगताय ती जागा बोलकी आहे. मूल बाटली तोंडात घेऊन झोपलं की दूध वरच्या समोरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळही तिथेच जास्त येते, म्हणून ते वाचतात. जागेपणी लाळ दूध-साखर धुऊन नेते आणि आम्लही कमी करते. झोपेत लाळ फार कमी होते. मग तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करत राहतात आणि दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. खडूसारखी पांढरी रेघ ही त्याची पहिली खूण.

वरचा ओठ उचला, दात कोरड्या सुती कापडाने टिपा आणि खिडकीशी बघा. कोरडा केल्यावर रेघ जास्त ठळक दिसली, हात लावल्यावर खड्डा लागला नाही, तर अजून वेळ आहे. या अवस्थेत कीड थांबवता येते, बरेचदा रेघ पुसटही होते. रंग पिवळा-तपकिरी झाला किंवा कड तुटल्यासारखी वाटली, तर खड्डा पडलाय असं समजा. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळे पुढचा प्रवास लवकर होतो.

आणि आजी, समोरचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. वर किडलं तर ते जंतू दाढांची वाट बघत बसतात.

आजी (बी-१०३): बरं बाई. पण रात्री बाटली नाही दिली तर अख्ख्या मजल्याला जाग येईल, ते कोण सांभाळणार?

काकू (ए-१०२): आम्ही नातवाची एका रात्रीत बंद केली होती. तीन रात्री रडला, मग विसरला.

डॉक्टरताई (सी-२०१): काही घरांत तसं जमतं. इराला झोपण्याची सवयच बाटलीची आहे, म्हणून मी टप्प्याने सांगेन. आधी साखर बंद. चमचा अर्धा करा, दोन-तीन दिवसांनी शून्य. गूळ, खडीसाखर, चॉकलेटची पावडर, सगळं त्यातच आलं. मग संध्याकाळचं दूध कपातून, मांडीवर बसवून, जेवणाच्या आसपास. त्यानंतर ब्रश. ब्रशनंतर फक्त पाणी.

उरलेल्या दोनच्या बाटलीत दोन रात्री १२० मिली दूध आणि ३० पाणी. पुढच्या दोन रात्री ९० आणि ६०. मग ६० आणि ९०, मग ३० आणि १२०, शेवटी नुसतं पाणी. साधारण दहा रात्रींत दुधाची चव जाते आणि बहुतेक मुलं स्वतःच उठायची कमी होतात. मध्येच ताप आला किंवा गावी गेलात तर त्याच टप्प्यावर थांबा, मागे जाऊ नका.

ही पद्धत वर्ष उलटलेल्या, घरचं जेवण नीट खाणाऱ्या मुलांसाठीच आहे. तान्ह्या बाळाच्या दुधात पाणी घालायचं नाही, पावडरच्या दुधात तर मुळीच नाही. आणि इराचं वजन कमी असेल तर तिच्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचारा.

अद्वैतची आई (बी-२०२): ताई, मी अजून अंगावर पाजते. रात्रीही. ते बंद करू का?

डॉक्टरताई (सी-२०१): बंद करा असं मी म्हणणार नाही. झोपण्याआधी दात नीट घासून घ्या आणि दिवसभरात बिस्किटं, गोड पदार्थ सारखे तोंडात जाणार नाहीत एवढं बघा. वर्षानंतर रात्रभर पिणं आणि दिवसा गोड खाणं, हे दोन्ही मिळून दात खराब होतात. अद्वैतचा वरचा ओठ मात्र आठवड्यातून एकदा उचलून बघत जा.

इराची आई (बी-३०४): आणि पेस्ट? ती फ्लोराइडवाली नाही. माझ्या सासूबाई झाबुआच्या, तिकडे फ्लोराइडच्या पाण्याने लोकांचे दात पिवळे-तपकिरी झालेले त्यांनी पाहिलेत. त्या म्हणतात, फ्लोराइड नकोच.

डॉक्टरताई (सी-२०१): सासूबाईंनी पाहिलं ते खरं आहे. झाबुआ, धारच्या बऱ्याच गावांत बोरच्या पाण्यातच जास्त फ्लोराइड आहे. पण प्रश्न पोटात किती जातं हा आहे, म्हणून हिशोब करू.

पेस्टच्या डब्यावर फ्लोराइड पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते १००० पेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुलांच्या काही पेस्टमध्ये ते शून्य असतं, काहींत ५०० च्या आसपास. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलीग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, ती साधारण ०.१ ग्रॅम. दोन वेळा घासलं आणि सगळं गिळलं तरी दिवसाला ०.२ मिलीग्रॅम. आता समजा पाण्यात लिटरमागे २ मिलीग्रॅम फ्लोराइड आहे आणि मूल अर्धा लिटर पितं. झालं १ मिलीग्रॅम, म्हणजे दोन वेळच्या पेस्टच्या पाचपट. त्यामुळे सासूबाईंची काळजी योग्य आहे, फक्त तिचा रोख पेस्टवर नको, पाण्यावर हवा.

इराच्या दातांवर रेघ असेल तर बिनफ्लोराइडच्या पेस्टने भागणार नाही. विरघळलेली खनिजं परत बसवायला फ्लोराइड मदत करतं. १००० ची पेस्ट घ्या आणि ती ब्रशच्या केसांत दाबून लावा, वर ढीग नको. जाहिरातीतली पूर्ण ब्रशभर वळी मोठ्यांसाठी सुद्धा जास्त आहे. घासल्यावर फेस कापडाने टिपून घ्या, चूळ भरायला लावू नका. इराला थुंकता येत नाहीच. तिसऱ्या वर्षानंतर मटारच्या दाण्याएवढी. ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, स्ट्रॉबेरीची चव म्हणून मुलं चाटत बसतात. जास्त गिळलं तर मळमळ, उलटी होते, आणि अर्धी-पाऊण ट्यूब गेली तर सरळ दवाखान्यात न्या.

सेक्रेटरी (डी-१०१): मग आपलं पाणी? एक दिवसाआड नर्मदा आणि बाकी बोरिंग. टाकीत दोन्ही एकत्र होतं.

डॉक्टरताई (सी-२०१): नर्मदेचं पाणी नदीचं आहे, मला तिची चिंता नाही. बोरिंगचं मात्र तपासून घ्या. आपल्या मानकात फ्लोराइड लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पीएचईच्या, म्हणजे सरकारच्या पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. आरओने बरंच कमी होतं.

सेक्रेटरी (डी-१०१): सोमवारी दोन्ही टाक्यांचा आणि बोरिंगचा वेगळा नमुना पाठवतो. टंकी धुण्याचा खर्च या महिन्यात घालायचा का, त्यावर मीटिंगमध्येच बोलू, इथे नको.

कबीरचे बाबा (डी-४०२): ताई, माझी काळी रेघ?

डॉक्टरताई (सी-२०१): लोहाच्या थेंबांनी दातांवर काळा थर येतो. तो वरचा डाग असतो, दात कठीण आणि गुळगुळीत राहतो. क्लिनिकमध्ये पॉलिश केला की जातो. सिरप बंद करू नका, ते जिभेच्या मागे टाका आणि नंतर पाणी पाजा. नखाने खरवडू नका. तरीही एकदा दाखवा, कारण काळ्याच्या खाली कीड असली तर घरी कळत नाही.

इराची आई (बी-३०४): ती ब्रश चावते हो. तोंड उघडतच नाही.

डॉक्टरताई (सी-२०१): तिला आडवं करा, डोकं तुमच्या मांडीवर, पाय लांब. तुम्ही वरून बघाल तेव्हा वरचे दात समोर येतात. डाव्या हाताच्या बोटाने ओठ उचलून धरा. दुसरा ब्रश तिच्या हातात द्या. रडली तर तोंड उघडंच असतं, तेवढ्यात वरचे चार दात होतात. रात्रीची वेळ चुकवू नका, सकाळची एखाद्या दिवशी राहिली तर राहू द्या.

आणि दाखवायला उद्या-परवाच या. पहिली भेट खरं तर पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवी. मी आणि तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसू. इरा तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीवर, मग तिचं डोकं माझ्या मांडीवर. पाच मिनिटांत होतं. रेघ कीड निघाली तर फ्लोराइडचं वार्निश लावीन. पिवळट थर दिसेल, त्या रात्री ब्रश नको, काही तास गरम आणि कडक खाणं नको. धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी. "डॉक्टर सुई टोचतील" असं तिच्यासमोर कुणी बोलू नका, आजींनी सुद्धा.

आजी (बी-१०३): मी कधी बोलले?

डॉक्टरताई (सी-२०१): कुणाला क्लिनिक नको असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा विभाग आहे, तिथे दाखवा.

काकू (ए-१०२): आमची धाकटी नात आठ महिन्यांची, खाली दोनच दात. तिलाही आणू का, की हसशील?

डॉक्टरताई (सी-२०१): आणा, काकू. दोन दातांनाही तांदळाएवढी पेस्ट आणि मऊ ब्रश लागतोच. तिची झोपेची वेळ टाळून या, आणि बाटली देत असाल तर तीही सोबत आणा.