शाळेच्या भिंतीवर कोणता नकाशा? मर्केटर काढायचा की ठेवायचा?

भूगोलाच्या बाई
शाळेसाठी जगाचा मोठा नकाशा घ्यायचा आहे. जुन्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो आणि मुलं दर वर्षी फसतात. दुकानदाराकडे ‘मर्केटर’ आणि ‘पीटर्स’ असे दोनच आहेत. मर्केटर काढूनच टाकावा का? आणि ध्रुवांकडचं सगळं फुगतं ते नेमकं कशामुळे, हे सातवीला पटेल असं कोणी सांगेल का?

समक्षेत्र
काढाच. आफ्रिका तीन कोटी चौरस किलोमीटरच्या वर, ग्रीनलंड जेमतेम बावीस लाख. म्हणजे एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट आहे, पण मर्केटरवर ग्रीनलंडच भारताच्या सहापटीहून मोठा दिसतो. युरोपीय लोकांनी स्वतःचे देश मोठे दाखवायला हा नकाशा काढला आणि आपण तो मुकाट्याने भिंतीवर टांगला. बॉस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ साली क्षेत्रफळं अचूक दाखवणारा पीटर्स आणला. २०२५ मध्ये आफ्रिकी संघानेही मर्केटर सोडण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. पीटर्स हाच खरा नकाशा.

निवृत्त डेकवाला
थांबा जरा. मर्केटरने १५६९ साली नकाशा केला तो खलाशांसाठी, तसं नकाशाच्या शीर्षकातच लिहिलंय. होकायंत्राचा काटा एकाच कोनावर धरून जहाज हाकत गेलात तर या नकाशावर तुमचा मार्ग सरळ रेघ उमटतो. पट्टी ठेवा, कोन वाचा, सुकाणूवाल्याला सांगा. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत, म्हणजे प्रक्षेपणात, ही सोय नाही, म्हणून सागरी चार्ट आजही बहुतेक मर्केटरवरच निघतात. माझी अख्खी नोकरी त्यावर गेली. स्वतः मर्केटर तर तेव्हा डुइसबुर्गमध्ये बसलेला, त्याच्या मागे कुठलं आलंय साम्राज्य!

समक्षेत्र
हेतू नसेल, परिणाम तर झाला ना? सातवीच्या वर्गात कोण जहाज हाकतंय?

टॉर्चवाला
फुगण्याचं कारण सोपं आहे. काचेच्या पृथ्वीगोलात मधोमध दिवा लावायचा, भोवती कागदाची नळी गुंडाळायची आणि कागदावर पडलेली सावली गिरवायची. ध्रुवाजवळची सावली लांब पडते, म्हणून तिकडचे देश मोठे. आम्हाला क्लासमध्ये असंच शिकवलं होतं.

नकाशाघर
पुष्कळ पुस्तकांत असंच चित्र असतं, पण त्या सावलीतून मर्केटर निघत नाही. त्यातून वेगळाच, फार उभट नकाशा निघतो.

बाई, वर्गात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. कोणतीही दोन रेखावृत्तं निवडा आणि त्यांच्यातलं अंतर आधी विषुववृत्तावर मोजा, मग ६० अंशांच्या अक्षवृत्तावर. दुसऱ्या वेळी दोरा निम्माच लागेल. खऱ्या पृथ्वीवर एका अंशाला विषुववृत्ताशी सुमारे १११ किलोमीटर, तर ऑस्लोजवळ, म्हणजे ६० अंशांवर, ५६ च्या आसपास. रेखावृत्तं वर वर जाताना एकमेकांकडे सरकतात आणि ध्रुवावर एका बिंदूत मिळतात.

आता मर्केटर बघा. त्यावर रेखावृत्तं सरळ उभी आणि समांतर, कुठेही जवळ येत नाहीत. म्हणजे ऑस्लोजवळचे ५६ किलोमीटर १११ च्या जागेत ताणून बसवले. पूर्व-पश्चिम दुप्पट. एवढंच करून सोडलं असतं तर ऑस्लोतला चौकोनी चौक आडवा पसरट दिसला असता आणि दिशेचे कोन चुकले असते, डेकवाल्यांची सरळ रेघ तिथेच मोडली असती. म्हणून मर्केटरने त्या जागी उत्तर-दक्षिणही तेवढंच, दुप्पट ताणलं. चौक पुन्हा चौकोनी झाला, पण क्षेत्रफळ चौपट.

टॉर्चवाले, तुमच्या दिव्याने त्याच जागी रुंदी दुप्पट होते, पण उंची चौपट. फरक इथे आहे.

पुढचं गणित मुलं स्वतः करतील. ताण किती, तर १ भागिले त्या अक्षांशाची कोसाइन. सातवीला कोसाइन नसते, त्यांनी दोऱ्याचं गुणोत्तर घ्यावं, उत्तर तेच. ग्रीनलंडच्या साधारण मध्यावर, ७२ अंशांवर, ताण ३.२ पट, म्हणून क्षेत्रफळ दहापटीच्या वर. ८० अंशांवर क्षेत्रफळ ३३ पट. भारताच्या मध्यावर, २२ अंशांच्या आसपास, जेमतेम १.१६ पट. ध्रुवावर तर एका बिंदूला नकाशाची पूर्ण रुंदी द्यावी लागते, म्हणजे ताण अनंत. त्यामुळे मर्केटरचा नकाशा वर-खाली कुठेतरी कापावाच लागतो. मोबाइलवरचे नकाशे ८५ अंशांच्या किंचित पुढे कापतात, कारण तिथे कापलं की जग नेमकं चौरसात बसतं.

खिडकीची सीट
याच्याशी संबंधित शंका. मुंबई-न्यूयॉर्क विमान स्क्रीनवर कमानीसारखं वर जाऊन खाली येताना दाखवतात. सरळ गेलं तर इंधन वाचणार नाही का?

निवृत्त डेकवाला
सरळच जातंय हो! तुमचा नकाशा वाकडा आहे. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत गोलावर दोरा ताणून धरा, तो ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. नकाशावरच्या सरळ रेघेने होकायंत्राचा कोन बदलत नाही, पण अंतर जास्त पडतं. लांब पल्ल्याला आम्हीसुद्धा दोऱ्याचा मार्ग तुकड्यातुकड्याने मर्केटरवर उतरवत असू. (विमानाला वारे आणि बंद हवाई हद्दीही बघाव्या लागतात, तो भाग निराळा.)

समक्षेत्र
म्हणजे सगळे मिळून मान्य करताय की मर्केटर फसवतो. मग पीटर्सला अडचण काय?

नकाशाघर
अडचण ‘खरा’ या शब्दाची. पीटर्स क्षेत्रफळ राखतो आणि त्याची किंमत आकारात वसूल करतो. तो रुंदी फुगवतो तिथे उंची तेवढ्याच पटीने दाबतो, आणि विषुववृत्ताकडे उलट. आकार बरोबर फक्त ४५ अंशांच्या आसपास. मुंबईच्या १९ अंशांवर पाहा: रुंदी पाऊणपट, उंची १.३४ पट. गुणाकार एक, म्हणून क्षेत्रफळ अचूक. पण भागाकार १.८, म्हणजे दक्षिण भारत आहे त्याच्या जवळपास दुप्पट उभट. आफ्रिका दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या सदऱ्यासारखी लोंबते. बरं, ४५ अंशांवर कोण आहे? दक्षिण युरोप! साम्राज्याचा आरोप करायचाच तर तो इथेही करता येईल.

शिवाय अर्नो पीटर्सने १९७३ साली हा नकाशा नवा म्हणून गाजवला, पण जेम्स गॉल नावाच्या स्कॉटिश पाद्रीने तो १८५५ मध्येच मांडला होता.

गाउसने १८२७ साली सिद्ध केलंय की गोलाचा तुकडा सपाट कागदावर सगळी अंतरं राखून उतरवताच येत नाही. कोन राखा किंवा क्षेत्रफळ राखा, दोन्ही एकदम नाही.

आठ-अ
मला यातलं फार कळत नाही, पण माझं भांडण बहुधा याच गोष्टीचं आहे. नाशिककडे आमची ४० गुंठे जमीन. भाच्याने संगणकावर उपग्रहचित्र लावून बांधावरून रेघ ओढली, क्षेत्र आलं पंचेचाळीस गुंठ्यांच्या वर. आता भाऊबंद म्हणतात मोजणी चुकली, पाच गुंठे शेजाऱ्याने दाबले. मोजणी मागवू का?

नकाशाघर
थांबा, आधी भाच्याला थर कुठल्या प्रक्षेपणात आहे ते बघायला सांगा. QGIS हे नकाशांचं सॉफ्टवेअर असेल आणि प्रक्षेपणाचा क्रमांक EPSG:3857 दिसत असेल तर तो मोबाइल नकाशांचाच मर्केटर आहे. नाशिक २० अंशांवर. तिथे क्षेत्रफळ तेरा-चौदा टक्के फुगतं, म्हणजे ४० चे पंचेचाळीस-साडेपंचेचाळीस. तुमचे पाच गुंठे तिथेच सापडले.

थर EPSG:32643 मध्ये बदलून पुन्हा मोजायला सांगा. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडे असता तर EPSG:32644. या पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्या केल्यात आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा आडवा मर्केटर दिलाय. त्यामुळे ४० गुंठ्यांत चूक फार तर काही चौरस मीटरची, त्याहून जास्त चूक बांधावर रेघ ओढताना होते. आणि हो, मोजणी म्हणजे सरकारी मोजणीच, चित्रावरची रेघ नव्हे.

आठ-अ
भाचा म्हणतो 3857 च आहे. भाऊबंदांना कसं सांगायचं ते बघतो.

समक्षेत्र
पीटर्स उभट, मान्य. मग ‘इक्वल अर्थ’ घ्या, २०१८ मध्ये तिघा नकाशातज्ज्ञांनी केलेला. क्षेत्रफळ अचूक आणि आकारही डोळ्याला बरे. आफ्रिकी संघाने पाठिंबा दिलेली मोहीम त्याचाच आग्रह धरते.

निवृत्त डेकवाला
त्यावर रेखावृत्तं वाकडी आहेत. अलास्का आणि न्यूझीलंड कडेला तिरके पडतात, ‘उत्तर म्हणजे सरळ वर’ हे तिथे चालत नाही. बाईंना अक्षांश-रेखांश वाचायला शिकवायचेत ना? सरळ जाळी हवी. आकारमानासाठी पृथ्वीगोल आहेच.

समक्षेत्र
साठ मुलांत एक गोल, तोही बहुतेक कपाटात कुलपात. भिंतीवर जे दहा महिने दिसतं तेच डोक्यात बसतं.

भूगोलाच्या बाई
गोल आमचाही कपाटातच असतो, खरं आहे. दोऱ्याचा प्रयोग मात्र उद्याच करते. आता एक सांगा, दुकानातला नकाशा कोणता ते ओळखायचं कसं? ‘पीटर्स’ची चिठ्ठी आहे, पण आफ्रिका काही लोंबताना दिसली नाही.

नकाशाघर
पट्टी घेऊन जा. ० ते १५ आणि ६० ते ७५ या अक्षवृत्तांमधली उभी अंतरं मोजा. पहिलं १० सेंटिमीटर असेल तर मर्केटरवर दुसरं २७ च्या जवळ येईल, पीटर्सवर चारही भरणार नाही.

भूगोलाच्या बाई
जाऊन आले. पहिलं १० आणि दुसरंही १०!

नकाशाघर
मग चिठ्ठी चुकली, तो दोन्हींपैकी एकही नाही. नुसती सारख्या चौकटींची जाळी आहे. त्यावर उंची बरोबर राहते, पण रुंदी मर्केटरइतकीच ताणलेली. ग्रीनलंड दहापट नाही, तरी तिपटीच्या वर आडवा फुगलेला. कोनही गेले, क्षेत्रफळही गेलं. पीटर्सच्या भावाने तर मुळीच घेऊ नका.

निवृत्त डेकवाला
मी तर म्हणतो तोच घ्या. अक्षांश-रेखांश वाचायला याच्याहून सोपा नकाशा नाही.

समक्षेत्र
आणि लोकसंख्येची घनता शिकवताना त्यावर रंग भरणार? सैबेरिया पुन्हा जिंकला म्हणायचा.