सोलर 2 किलोवॅट की 3? दोन वर्षांत पैसे वसूल म्हणतात, हिशेब पटेना

कळंबेकर:
नमस्कार मंडळी. कळंब्यात स्वतःचं घर, वर मोकळी गच्ची. गेल्या बारा महिन्यांच्या वापराची सरासरी काढली तर महिना 260 युनिट येतात आणि बिल साधारण 2,930 रुपये. एसी नाही. एका सोलरवाल्याने 3 किलोवॅटचे 1,95,000 सांगितलेत, 2 किलोवॅटचे 1,40,000. त्याचं म्हणणं, "साहेब 3 च घ्या, 78,000 सबसिडी मिळते, दोन वर्षांत पैसे वसूल." आमच्या बाबांना हे काही पटेना. "दोन वर्षांत म्हैससुद्धा पैसे फेडत नाही," म्हणाले. कुणी हिशेब मांडून दाखवाल का?

रंकाळा_सकाळ:
आमच्याकडे बारा वर्षं सोलर आहे, एकदम झकास. फक्त पावसाळ्यात पाणी कोमट येतं, मग गॅस पेटवायला लागतो. बिनधास्त घ्या.

कळंबेकर:
काका, तो पाणी तापवायचा. मी विजेचं विचारतोय.

रंकाळा_सकाळ:
असं होय. मग माझा पास.

उद्यमनगरी:
सोपं आहे की. बिलाला युनिटने भागा, म्हणजे सव्वाअकरा रुपये युनिट पडलं. 3 किलोवॅट महिन्याला सरासरी सव्वातीनशे युनिट देतं. सव्वातीनशे गुणिले सव्वाअकरा म्हणजे साडेतीन हजारांच्या वर वाचले. सबसिडी वजा जाता 1,17,000 राहतात. पावणेतीन वर्षांत विषय संपला.

निवृत्त_मीटरवाला:
उद्यमनगरी, बिलच 2,930 चं आहे आणि तुम्ही साडेतीन हजार वाचवलेत. वरचे सहा-सातशे कुणाच्या खिशातून आणले? सोलरवाल्याचाही घोळ हाच. तो दिवसाला किलोवॅटमागे चार युनिट धरून महिन्याचे 360 काढतो, सगळ्याला वरच्या स्लॅबचा दर लावतो आणि 4,680 ची बचत दाखवतो. मूळ बिलापेक्षा बचत मोठी दिसली की कागद तिथंच मिटवायचा.

कळंबेकर, आता तुमचं मांडू. वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून पहिली 100 युनिटं सात रुपयांच्या आसपास पडतात, 101 ते 300 मधली तेराच्या आसपास. दर बदलत असतात, तुमच्या ताज्या बिलावरचे लावा. म्हणजे 700 आणि 2,080 मिळून 2,780. उरलेले दीडशे स्थिर आकाराचे. ते सोलर बसवलं तरी भरावेच लागतात, म्हणून त्यांना हिशेबात धरायचंच नाही.

सोलर आधी महाग युनिटं खातं. ती संपली की मग सात रुपयांची. म्हणून पहिल्या किलोवॅटची कमाई जास्त, शेवटच्याची कमी. सबसिडीपण तशीच आहे, पहिल्या दोन किलोवॅटला 30,000 प्रमाणे आणि तिसऱ्याला 18,000. त्यामुळे 2 आणि 3 ची एकत्र सरासरी काढू नका, तिसऱ्याचा हिशेब वेगळा करा.

आपल्याकडं वर्षाला किलोवॅटमागे 1,300 युनिट धरतो मी. पण बाराही महिने सारखी नाहीत. जून ते सप्टेंबर 2 किलोवॅटला महिन्याला 130 मिळाली तरी देवाची कृपा, बाकीचे आठ महिने 260 धरा. म्हणजे आठ महिने तुमचं युनिटांचं बिल शून्य. पावसाळ्यातले चार महिने 130 युनिटं विकत, महिन्याला 1,090 रुपये. वर्षाचे 33,360 जायचे तिथं 4,360 जातील, वाचले 29,000. खर्च 1,40,000 वजा सबसिडी 60,000, म्हणजे 80,000. पावणेतीन वर्षं.

आता तिसरा किलोवॅट. जादा खर्च 55,000 वजा 18,000, म्हणजे 37,000. वाचवायला उरलंय काय? तर पावसाळ्यातले तेच 4,360. एप्रिल-मेमध्ये 130-130 युनिटं जास्तीची जमतील, ती जून ते सप्टेंबरला बरोबर पुरतील. पण ऑक्टोबर ते मार्चमध्ये जमणारी 780 युनिटं मार्चअखेर अगदी कमी दराने वळती होतात, ती मी धरतच नाही. म्हणजे एकट्या तिसऱ्या किलोवॅटला साडेआठ वर्षं.

उद्यमनगरी:
मान्य. पण माझ्या पद्धतीने 2 किलोवॅटचं उत्तर तुमच्याएवढंच येतंय राव.

निवृत्त_मीटरवाला:
येतंय, कारण तुमची सरासरी तिथं योगायोगाने जुळली. 3 वर गेलात की फसली.

पेठेतली_सूनबाई:
हिशेबाचं मला कळत नाही, पण आमचं काय झालं ते सांगते. मीटर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. अर्ज यांच्या नावाने, बँक खातं यांचं, बिलावर नाव भलतंच. आधी नाव बदलून घ्या म्हणाले, त्यात चार महिने गेले. आणि सबसिडी आधी मिळत नाही हो. सगळे पैसे आपण भरायचे, जोडणी-तपासणी झाली की मग खात्यात येते. आम्ही सोसायटीचं कर्ज काढलं होतं, तेवढे महिने पूर्ण रकमेवर व्याज भरलं.

कळंबेकर:
बाप रे. आमचं बिल बाबांच्या नावावर आहे आणि बाबा आहेत, तेवढं बरं. मीटरवालेकाका, पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे. महिन्याला 60 युनिट वाढतील असं वाटतं. मग 3 परवडेल?

निवृत्त_मीटरवाला:
मग चित्र बदलतं. वापर 320 धरला तर 2 किलोवॅटवर वर्षाला साधारण 10,840 भरावे लागतील, 3 वर 2,880. तिसरा किलोवॅट वर्षाला आठ हजारांच्या जवळ कमावतो, 37,000 पावणेपाच वर्षांत निघतात. पण स्कूटर खरंच घेणार की नुसतं शोरूमला जाऊन आलाय?

कळंबेकर:
शोरूमला जाऊन आलोय 😀

उद्यमनगरी:
एक शंका. दिवसाची युनिटं दिवसाच्याच वापरातून वळती करणार म्हणतात. तसं झालं तर?

निवृत्त_मीटरवाला:
मग वरचा सगळा हिशेब नव्याने मांडायचा. दुपारी बनवलेलं युनिट रात्रीच्या पंख्याच्या युनिटातून वजा होतं, यावरच तो उभा आहे. म्हणूनही मी आज गरजेपेक्षा मोठं बसवा म्हणणार नाही. कळंबेकर, गच्चीचा फोटो टाका की.

कळंबेकर:
टाकलाय. दक्षिणेला शेजाऱ्यांचा माड आहे. 2 किलोवॅटचे चार पॅनेल उत्तरेला बसतात, 3 साठीचे आणखी दोन माडाच्या बाजूला. पण मी आज दुपारी बघितलं, सावली गच्चीवर येतच नाही.

निवृत्त_मीटरवाला:
आज मे आहे. आत्ता सूर्य डोक्यावर, माडाची सावली बुंध्यापाशीच. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा तीच सावली गच्चीवर चढेल. आणि तुमच्या सोलरवाल्याने सगळे पॅनेल एकाच ओळीत जोडले असतील, तर दोनांवरची सावली बाकीच्या चौघांनाही खाली ओढू शकते. कोटेशनमध्ये यावर काही लिहिलंय का?

कळंबेकर:
एक अक्षर नाही. "शॅडो फ्री" असा शिक्का आहे फक्त.

पेठेतली_सूनबाई:
शेजाऱ्यांना विचारा माड उतरवतात का. आमच्याकडे विचारलं, तर वर्षभर बोलायचे बंद झाले होते.

कळंबेकर:
नको नको, त्यांचे नारळ आमच्याकडे येतात. गेल्या डिसेंबरात मुलाच्या वाढदिवसाला गच्चीवर फोटो काढले होते, दुपारचेच. त्यात सावली कुठवर आलीये ते आज रात्री शोधतो.