मदत हवी आहे : चॅटबॉटमधला उपयोगी संवाद नावावरून सापडत नाही

हिशेबनीस, वडोदरा

नमस्कार. दांडिया बाजारातल्या आमच्या सोसायटीचे हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. गच्चीच्या गळतीबद्दल सभासदांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी चॅटबॉटकडून करून घेतला, आणि त्याच संवादात पुढे विचारले की पासबुकातून उतरवलेल्या 05.03.2024 अशा तारखांना एक्सेल तारीख का मानत नाही. तेव्हा मिळालेले सूत्र चपखल चालले होते :

```
=DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2))
```

यंदा ते पुन्हा लागले, तेव्हा यादीतले संवाद एकेक करून उघडावे लागले आणि शेवटी ते ‘गच्ची गळती पत्र’ या नावाखाली मिळाले. असे नाव का पडते आणि यावर उपाय काय?

जुना सभासद, इंदूर

हे नाव साधारणपणे संवादाच्या सुरुवातीच्या प्रश्नोत्तरावरून पडते आणि विषय पुढे कुठेही वळला तरी बहुधा तेच राहते. त्यामुळे सूत्र पत्राच्या नावाखाली गेले. उत्तर वापरून पाहिले आणि ते चालले, की पुढचा प्रश्न लिहिण्याआधीच नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून Rename निवडावे. यादीत लांब नावाचा शेवट दिसत नाही, म्हणून कामाचे शब्द आधी घ्यावेत : ‘एक्सेल टिंबांच्या तारखा, DATE चालले’. ‘चालले’ हा शब्द मी पडताळणी झाल्यावरच लिहितो, कारण महिन्याभराने कोणते उत्तर खरोखर तपासले होते हे आठवत नाही.

ग्वाल्हेरकर

शोधाची सोय असताना एवढी यातायात कशाला? शब्द टाकला की मजकुरातूनही संवाद सापडतो.

जुना सभासद, इंदूर

अनेक अ‍ॅपमध्ये सापडतो, हे खरे आहे. पण आपण ‘तारीख’ शोधतो आणि संवादात ‘तारखा’ किंवा रोमन लिपीत tarkha असे लिहिलेले असते, तेव्हा अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला ते लागत नाही. शिवाय काही ठिकाणी शोध फक्त नावांतच होतो.

मांजलपूर

माझा तर नाव बदललेला संवादच यादीतून नाहीसा झाला. नाव बदलल्याने तो पुसला गेला असेल का?

जुना सभासद, इंदूर

नाव बदलल्याने आतल्या मजकुराला धक्का लागत नाही. मोबाइलवर आणि संगणकावर तुम्ही एकाच खात्याने आत गेला आहात का, ते आधी पाहावे.

हिशेबनीस, वडोदरा

मनापासून आभार. आजच नाव बदलले. एक अडचण मात्र उरते : ते पत्रही दर पावसाळ्यात लागते, आणि दोन्ही विषय नावात घातले तर मोबाइलवर दुसरा दिसतच नाही.

जुना सभासद, इंदूर

सूत्र नव्या संवादात चिकटवून त्याला स्वतंत्र नाव द्यावे, असे मी करतो. मात्र त्यात आधीची चर्चा येत नाही, त्यामुळे तारखा कोणत्या रूपात होत्या ते सूत्राखाली एका ओळीत लिहून ठेवावे लागते. याहून सोपी रीत कोणाकडे असल्यास मलाही हवी आहे.