मार्चअखेरच्या नोंदी: भाडं, विमा, लाइट बिल. भाडं 11 महिन्यांचंच का दिसतंय?

मुक्ता_अलकापुरी
वडोदऱ्यात आमची चार जणांची कन्सल्टन्सी आहे, प्रायव्हेट लिमिटेड. हिशेब मीच टॅलीत लिहिते. ऑफिसचं भाडं महिना 40,000 आणि ते तीन महिन्यांचं आगाऊ जातं. 1 फेब्रुवारीला दिलेल्या 1,20,000 मध्ये एप्रिलचं भाडंही आलं, म्हणून मी 40,000 खर्चातून काढून प्रीपेडला टाकले. आता भाड्याच्या लेजरमध्ये वर्षाचे 4,40,000 दिसतात. सीए विचारतायत, बारावा महिना कुठे गेला? विम्याचंही असंच काहीतरी झालंय. शिवाय दोन महिन्यांचं लाइट बिल 20 एप्रिलला आलं, त्यातलं मार्चपर्यंतचं किती धरायचं?

दांडियाबाजारकर
सोपं आहे ताई. बिलाची तारीख बघायची. एप्रिलचं बिल म्हणजे पुढच्या वर्षाचा खर्च. आणि प्रीपेड करायचंच असेल तर टॅलीत रिव्हर्सिंग जर्नल टाका, आपोआप उलटतं.

रावपुऱ्याचे_काका
मुक्ताताई, तुमची यंदाची नोंद बरोबर आहे. राहिली आहे ती गेल्या वर्षीची. मार्च 2025 ला एप्रिलच्या भाड्याचे 40,000 प्रीपेडला टाकले होते का? ते अजून ताळेबंदात तसेच पडले असणार. 1 एप्रिलच्या तारखेने भाडं नावे, प्रीपेड भाडं जमा, 40,000. मग 4,80,000 होतील.

मी ट्रायल बॅलन्स काढला की आधी प्रीपेडची लेजरं उघडतो. सुरुवातीची शिल्लक वर्षभर हललेली नसेल तर चूक तिथेच असते.

दांडियाबाजारकर, बिलाची तारीख धरून चालणार नाही. कंपनीला हिशेब उपार्जित पद्धतीनेच ठेवावा लागतो, वीज मार्चमध्ये जळली तर खर्च मार्चचा. आणि रिव्हर्सिंग जर्नल इथे अजिबात नको. टॅलीत ती तात्पुरती नोंद असते, सिनॅरिओ लावून पाहिलं तरच दिसते, खऱ्या ताळेबंदात येत नाही. साधं जर्नल 31 मार्चला, आणि त्याचं उलटं 1 एप्रिलला हाताने.

दांडियाबाजारकर
हे माहीत नव्हतं, काका. पण माझं स्वतःचं प्रोप्रायटरी काम आहे, मी रोख पद्धतीने लिहितो. मला बिलाची तारीखही लागत नाही, पैसे गेले तो दिवस धरतो. ते तरी चालतं ना?

रावपुऱ्याचे_काका
तुमच्या व्यवसायात चालतं, मात्र दरवर्षी तीच पद्धत ठेवा.

समीर_कारेलीबाग
माझं पण विचारतो. घरमालकाकडे 2 लाख डिपॉझिट आहे. त्यातलं दरवर्षी थोडं प्रीपेड भाड्यात टाकू का?

रावपुऱ्याचे_काका
नाही, ते परत मिळायचं आहे, डिपॉझिटमध्येच राहू द्या. शेवटच्या महिन्यांचं भाडं त्यातून वळतं करायचं ठरलं असेल तर करार वाचल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

मुक्ता_अलकापुरी
काका, अगदी तेच होतं! गेल्या वर्षीचे 40,000 तिथेच सापडले. विम्याचे आकडे देते. व्यावसायिक जबाबदारीचा विमा, 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर. हप्ता 36,000, वर जीएसटी 6,480, त्याचं क्रेडिट घेतलंय. लेजरला यंदाचे फक्त 15,000 दिसतात. गेल्या वर्षीचा प्रीपेड 19,600 होता.

रावपुऱ्याचे_काका
क्रेडिट घेतलंय म्हणजे हिशेब 36,000 वरच. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे 15,000, पुढच्या सात महिन्यांचे 21,000 प्रीपेड, हे तुम्ही केलंत. जुने 19,600 खर्चात आणा, एकूण 34,600. दिवसांवर केलंत तर प्रीपेड 21,107 येतो. शंभराच्या फरकासाठी भांडू नका, पण गेल्या वर्षी महिन्यांवर केलं असेल तर यंदाही महिन्यांवरच.

विजेत उलटी दिशा असते. गेल्या मार्चला धरलेली देय वीज 1 एप्रिलला उलटवली नसेल, तर ती रक्कम दोनदा खर्चात बसते. भाडं कमी दिसतं, वीज जास्त दिसते. तुमचं बिल कोणत्या तारखांचं आहे?

मुक्ता_अलकापुरी
18 फेब्रुवारीचं रीडिंग 24,310 आणि 18 एप्रिलचं 25,560. बिल 11,800. 31 मार्चला मी मीटरचा फोटो काढला होता, 25,110.

रावपुऱ्याचे_काका
फोटो काढलात, फार चांगलं केलंत. दिवसांनी पाहिलं तर 59 पैकी 41 दिवस मार्चअखेरपर्यंतचे, म्हणजे 8,200. युनिटांनी 1,250 पैकी 800, म्हणजे 7,552. एप्रिलमध्ये एसी जोरात चालतो, म्हणून दिवसांचा हिशेब मार्चवर जास्त टाकतो. मी 7,552 धरेन. वीज खर्च नावे, देय वीज जमा. 1 एप्रिलला उलटं. पूर्ण 11,800 पुढच्या वर्षात लिहिले की तिथे 4,248 च उरतील.

ऋजुता_मांजलपूर
काका, एक हरकत आहे. बिलात स्थिर आकार असतो, तो युनिटांवर नाही, दिवसांवर पडतो. आमच्या ऑडिटरने दोन्ही वेगळे करायला लावले होते.

रावपुऱ्याचे_काका
बरोबर, काटेकोर पाहिलं तर तसंच हवं. मुक्ताताईंच्या बिलात तो किती आहे, त्यावर वेगळा करण्याचा त्रास घ्यायचा की नाही ते ठरेल. मी छोट्या ऑफिसांत केलेलं नाही.

मुक्ता_अलकापुरी
बिल काढून बघते. भाडं 4,80,000 आणि विमा 34,600 जुळला, सीएंना पाठवला. गेल्या वर्षीची देय वीज आत्ता उघडली, ती 7,000 तशीच पडून आहे. आधी तीच उलटवते.