घराचा ताबा उशिरा घेताना नोटीस द्यावी लागते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या घराचं बांधकाम ठेकेदाराला दिलं होतं. करारात ‘मुदत हा कराराचा गाभा आहे’ असं वाक्य आहे, आणि उशीर झाला तर रोज 1,000 रुपये दंड. पण त्यातच मुदतवाढीचंही कलम आहे. काम 5 महिने रखडलं, आम्ही मात्र बिलं भरत राहिलो. (सज्जनपणा नडला!) पुढच्या आठवड्यात ताबा आहे.

भारतीय करार कायद्याचं कलम 55 वाचलं. मुदत हा गाभा असेल आणि उशिराचं काम आपण स्वीकारलं, तर स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. उलट हिंद कन्स्ट्रक्शनच्या 1979 च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, की दंड आणि मुदतवाढीची कलमं असतील तर मुदत सहसा गाभा ठरत नाही. मग आमच्या करारात नोटिशीची अट लागू होते का? व्हॉट्सॲपवरचं ‘दंड कापणार’ पुरेल, की ताब्याच्या पावतीवरच लिहून घ्यावं? आणि कलम 74 खाली पूर्ण दीड लाख मिळतात, की प्रत्यक्ष भरलेलं घरभाडंच दाखवावं लागतं?